गांडुळाचा श्वास सांभाळताना: इंदूरच्या हवेत गांडूळखताचा वाफा आणि काळ्या शेतातली गांडुळे

इंदूर, सांवेर आणि देपालपूर या पट्ट्यात गांडूळखताचे वाफे वर्षातून दोनदा हमखास बिघडतात. पहिल्यांदा मे महिन्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि दुसऱ्यांदा जूनच्या अखेरीस, जेव्हा पहिला जोरदार पाऊस उघड्या वाफ्यात पाणी साचवतो. दोन्ही वेळी शेतकरी खाद्याला किंवा गांडुळांच्या जातीला दोष देतो. पण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा गांडुळे उपाशी मरत नाहीत, ती गुदमरून मरतात. गांडूळ श्वास कसा घेते आणि त्याचे रक्त कसे फिरते हे नीट समजून घेतले, तर वाफ्याची खोली, पाण्याचे प्रमाण, सावली आणि शेणाचे वय या साऱ्या गोष्टींचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात. म्हणून या लेखात आधी गांडुळाचे शरीर आणि मग वाफा, असा क्रम ठेवला आहे.

कातडीतून श्वास

गांडुळाला फुप्फुसे नाहीत आणि कल्लेही नाहीत. त्याची संपूर्ण कातडी हाच त्याचा श्वसनाचा अवयव असतो. कातडीतल्या ग्रंथी सतत एक बुळबुळीत द्रव पाझरत असतात, शिवाय पाठीवर वलयांच्या सांध्यांत असलेल्या बारीक छिद्रांतून शरीराच्या पोकळीतला द्रवही बाहेर येतो, आणि या दोहोंमुळे कातडीवर ओलाव्याचा एक पातळ थर टिकून राहतो. हवेतला प्राणवायू आधी या थरात विरघळतो, मग पातळ कातडी ओलांडून तिच्या लगतच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरतो. गांडुळाच्या रक्तातही हिमोग्लोबिन असते, पण आपल्यासारखे तांबड्या पेशींत बंदिस्त नसून ते रक्तद्रवातच विरघळलेले असते. तेच प्राणवायू धरून ठेवते आणि शरीरभर पोहोचवते. कार्बन डायऑक्साइड याच वाटेने उलट बाहेर पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचे सगळे त्यांवरच उभे आहे. पहिली अशी, की कातडी कोरडी पडली तर प्राणवायूला विरघळायला माध्यमच उरत नाही, आणि भोवती हवा भरपूर असूनही गांडूळ गुदमरते. दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. ओलाव्याचा थर पातळ असेल तर हे अंतर क्षणात ओलांडले जाते. पण शेणाचा लगदा पाण्याने गच्च भरला, तर त्यातले जिवाणू शिल्लक प्राणवायू भराभर संपवतात आणि बाहेरचा प्राणवायू तितक्या वेगाने आत येऊ शकत नाही. पाणी हे स्वतः गांडुळाचे मारक नव्हे; स्वच्छ, गार आणि प्राणवायू मिसळलेल्या पाण्यात ते बराच काळ जगू शकते. त्याला मारते ते प्राणवायू संपलेले, कुजके पाणी. म्हणजे पेरणीसाठी आपण शेतात जो वाफसा पाहतो, ओलही आहे आणि हवाही खेळते आहे अशी ती स्थिती, गांडुळाला रात्रंदिवस हवी असते.

हृदये किती आणि ती काय करतात

गांडुळाला पाच हृदये असतात असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धवट आहे. खतासाठी आपण विकत घेतो त्या आयसेनिया फेटिडा या तांबड्या गांडुळात हृदयांच्या पाच जोड्या असतात, सातव्या ते अकराव्या वलयात. आपल्याकडे महाविद्यालयात ज्याचे विच्छेदन शिकवत आले त्या देशी मेटाफायर पोस्थुमा, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या फेरेटिमात मात्र चारच जोड्या असतात: सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या वलयात. ही हृदये कप्प्यांची नसतात. अन्ननलिकेला दोन्ही बाजूंनी वेढा घालणाऱ्या त्या जाड स्नायूंच्या, आत झडपा असलेल्या रक्तवाहिन्या असतात. पाठीकडून येणारे रक्त त्या आकुंचन पावून पोटाकडच्या मोठ्या वाहिनीत ढकलतात, आणि ती वाहिनी ते मागच्या भागाला पुरवते.

पाठीकडची वाहिनीदेखील नुसती नळी नव्हे. ती स्वतः लाटेसारखी आकुंचन पावत रक्त शेपटीकडून डोक्याकडे नेते. हे डोळ्यांनी पाहता येते आणि प्रत्येक वाफेवाल्याने एकदा तरी पाहावे, असे मला वाटते. एक पूर्ण वाढलेले तांबडे गांडूळ पाण्याने हलकेच धुऊन पांढऱ्या ओल्या बशीत ठेवावे आणि सावलीत, तिरप्या उजेडात त्याच्या पाठीकडे पाहावे. मधोमध एक गडद तांबडी रेघ दिसते. शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात ही रेघ क्षणभर फिकट होते, पुन्हा भरते, आणि तो फिकटपणा पुढे पुढे सरकत जातो. पुढच्या भागातली हृदये स्नायूंआड असल्याने बाहेरून सहसा दिसत नाहीत. एका मिनिटात किती लाटा जातात ते मोजून ठेवावे. मग माठाच्या पाण्याने बशी गार करून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. गारव्यात लाटा मंदावलेल्या आढळतात. पाहून झाल्यावर गांडूळ लगेच वाफ्यात सोडावे, कारण उघड्या उजेडात त्याच्या कातडीला इजा होते.

या साध्या मोजणीत मे महिन्याचे सारे कोडे आहे. गांडुळाचे शरीर भोवतालच्या तापमानाप्रमाणे तापते. वाफा तापला की त्याच्या शरीरातल्या क्रिया वेगाने होतात, रक्त वेगाने फिरते आणि प्राणवायूची गरज वाढते. पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे गरज वाढते नेमका तेव्हाच कातडीवरचा थर कमी प्राणवायू पुरवतो. भरीस भर म्हणून जिवाणूही तापमानाबरोबर अधिक प्राणवायू खाऊ लागतात. आयसेनियाला साधारण 20 ते 28 अंश सेल्सिअस मानवते. वाफ्याच्या आत 35 च्या वर तापमान टिकून राहिले तर ती पळू लागतात किंवा मरतात.

वाफ्याआधी शेण मुरवणे

ताजे शेण थेट वाफ्यात घालणे ही सर्वांत घातक घाई आहे. ताजे शेण आणि काडीकचरा एकत्र रचला की जिवाणूंच्या कामाने ढीग आतून 55 ते 60 अंशांपर्यंत तापू शकतो, आणि गोठ्यातल्या मूत्रासह आलेले शेण अमोनिया सोडते, जो ओल्या कातडीला थेट भाजतो. म्हणून शेण आणि गव्हाचे किंवा सोयाबीनचे भुसकट थराथराने रचून, ओलवून, ते दोन ते तीन आठवडे मुरू द्यावे आणि मधून एकदा-दोनदा वरखाली करावे. ढिगात ओल आणि हवा दोन्ही राखून कुजवण्याची ही रीत इंदूरला परकी नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्याच संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि तिचा पाया नेमका हाच आहे.

ढीग तयार झाला की नाही हे कॅलेंडरवरून ठरवू नये. हात कोपरापर्यंत आत घालावा. ऊब जाणवली तर थांबावे. नाकाला झोंबणारा वास आला तरी थांबावे. मग एका टोपलीत हे खाद्य घेऊन त्यावर पंधरा-वीस गांडुळे सोडावीत आणि ती टोपली रात्रभर झाकून ठेवावी. ती खाली शिरून शांत राहिली तर खाद्य योग्य आहे. ती कडेला चढून आली किंवा मलूल पडली, तर आणखी आठवडाभर धीर धरावा. वीस गांडुळांवरून कळते ते कळण्यासाठी चार किलो गांडुळे पणाला लावू नयेत.

वाफ्याची मांडणी

मोठ्या झाडाच्या किंवा छपराच्या दाट सावलीत, पाणी साचणार नाही अशा किंचित उंच जागी वाफा करावा. 10 फूट लांब, 3 फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप सोयीचे आहे. रुंदी 3 फुटांपेक्षा जास्त ठेवली तर मधल्या भागात हात पोहोचत नाही. उंची वाढवली तर स्वतःच्याच वजनाने खालचा थर दबतो, त्यातल्या पोकळ्या मिटतात आणि हवा तिथवर जात नाही. तळ थोडा उताराचा ठेवून टोकाला जादा पाणी वाहून जायला वाट द्यावी. अगदी खाली तुरीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या किंवा विटांचे तुकडे यांचा तीन-चार इंचांचा थर द्यावा. हा थर गांडुळांच्या खाण्यासाठी नसतो, खालून हवा येण्यासाठी असतो. म्हणून तो वगळू नये.

त्यावर मुरलेले खाद्य हलक्या हाताने, न दाबता भरावे. या मापात सुमारे 600 किलो खाद्य बसते. त्याला तीन ते चार किलो गांडुळे पुरतात. किलोभर गांडुळांत लहानमोठी मिळून साधारण हजार ते दोन हजार असतात. ती उकरून पुरायची नसतात, संध्याकाळी वर पसरायची असतात. उजेड टाळण्यासाठी ती स्वतःच आत जातात. मग वरून ओले गोणपाट झाकावे. प्लास्टिकचा कागद मात्र कधीही झाकू नये, कारण तो ओल धरतो खरा, पण हवा कोंडतो. उंदीर आणि मुंग्यांसाठी भोवती पाण्याची बारीक सरी व जाळी पुरेशी होते.

पाणी किती: एक उदाहरण

रोजची तपासणी मुठीने करावी. चार बोटे आतून मूठभर खाद्य घेऊन जोरात दाबल्यावर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले, तर ओल बेताची आहे. धार लागली तर पाणी जास्त झाले, आणि मूठ उघडताच गोळा फुटून भुगा झाला तर कमी पडले. पण मूठ नवख्याला फसवते, विशेषतः भुसकट जास्त असेल तेव्हा. अशा वेळी एकदा वजनाने मोजून घ्यावे.

देपालपूरकडच्या एका परिचित काकांच्या वाफ्यात एप्रिलच्या शेवटी गांडुळे मधोमध तळाशी गोळा झाली होती आणि वरचे सहा इंच खाद्य जसेच्या तसे होते. काकांनी रोज दोन बादल्या पाणी दिले होते, तेव्हा ओल कमी असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. वाफ्याच्या चार ठिकाणचे खाद्य एकत्र करून त्यातले 100 ग्रॅम आम्ही ताटात पसरून कडक उन्हात, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवले. ते 45 ग्रॅम भरले, म्हणजे ओल 55 टक्के होती; हवी होती 60 ते 70. वाफ्यात 600 किलो खाद्य धरले, तर त्यात कोरडा भाग 270 किलो. ओल 65 टक्के व्हायची, तर हा कोरडा भाग एकूण वजनाच्या 35 टक्के असायला हवा. 270 ला 0.35 ने भागले की 771 किलो येतात, म्हणजे आणखी सुमारे 170 लिटर पाणी लागणार होते.

हे पाणी एकदम ओतले असते तर पोकळ्या भरून गेल्या असत्या आणि कोरड्यातून सुटलेली गांडुळे पाण्यात गुदमरली असती. म्हणून चार संध्याकाळी मिळून, झारीने, रोज चाळीस-बेचाळीस लिटर दिले. शिवाय असे दिसले, की बादलीने ओतलेले पाणी आधीच्या भेगांतून थेट तळाशी निघून जात होते. तळ चिंब होता आणि माथा कोरडा. "रोज पाणी देतोय, मग ओल जाते कुठे?" या काकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. वरचा थर बोटांनी हलकेच मोकळा करून झारीने पाणी दिल्यावर आठवड्याभरात गांडुळे वर येऊन खाऊ लागली. मेमध्ये मग त्यांनी गोणपाट दुहेरी केले आणि पश्चिमेकडून ताट्या लावल्या. दुपारी दोन-तीनच्या सुमारास वाफ्यात सहा इंच खोल थर्मामीटर खुपसून तापमान पाहण्याची सवय या दिवसांत फार उपयोगी पडते. 32 च्या वर काटा गेला की गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे. बाष्पीभवनाने वाफा थंड राहतो आणि आतली ओल वाढत नाही.

बिघाड ओळखणे

गांडुळे सामूहिकरीत्या कडेला किंवा गोणपाटाखाली चढली, तर आतल्या हवेत दोष आहे असे समजावे, आणि कोणता दोष ते नाकाने ठरवावे. सडक्या अंड्याचा वास आला तर वाफा पाण्याने कोंदला आहे. पाणी थांबवून, बोथट दातांच्या पंजाने खाद्य मोकळे करून त्यात कोरडे भुसकट मिसळावे. झोंबणारा अमोनियाचा वास आला तर शेण कच्चे आहे. वाफा अर्धा उघडून पसरावा आणि गांडुळे आधीच्या मुरलेल्या खाद्यात हलवावीत. वास काहीच नाही आणि गांडुळे तळाशी गुंडाळून बसली आहेत, तर कोरड किंवा उष्णता हे कारण असते. गांडुळाची कातडी वायूंप्रमाणेच रसायनेही आत घेते, म्हणून फवारणीचा पंप वाफ्याजवळ कधीही धुऊ नये. तांब्याची बुरशीनाशके आणि मीठ यांबाबत विशेष सावध राहावे.

साधारण अडीच ते तीन महिन्यांत वरचा भाग चहापत्तीसारखा रवाळ आणि मातीच्या वासाचा होतो. पाणी चार-पाच दिवस थांबवले की गांडुळे ओलीच्या शोधात खाली जातात आणि वरचे खत थराथराने काढता येते. कोरड्या भागाचा काही अंश कुजताना वायुरूपाने निघून गेलेला असतो, म्हणून 600 किलोंच्या वाफ्यातून साधारण पावणेतीन ते तीन क्विंटल खत अपेक्षावे. खत सावलीत, किंचित ओलसर ठेवावे. कडक उन्हात वाळवू नये.

शेतात काय करावे, काय करू नये

विकत आणलेली तांबडी गांडुळे शेतात सोडणे हा व्यर्थ खर्च आहे. आयसेनिया ही कुजत्या पाल्याशेणात, पृष्ठभागालगत राहणारी जात आहे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून वाळली की ती तिथे टिकत नाही. शेतातले काम मेटाफायर, लॅम्पिटो यांसारख्या देशी जाती करतात. उन्हाळ्यात त्यांतली अनेक खोल जाऊन, वेटोळे घालून पडून राहतात आणि पावसाळ्यात परततात. त्यांची बिळे काळ्या मातीत फार मोलाची असतात, कारण ही चिकण माती एकदा फुगली की तिच्यातून पाणी अतिशय हळू मुरते, आणि बिळांमधून पाणी व हवा दोन्ही खाली उतरतात. बिळांच्या तोंडाशी पडणाऱ्या विष्ठेच्या गोळ्या भोवतालच्या मातीपेक्षा पाण्यात अधिक टिकून राहतात आणि त्यांत पिकाला घेता येण्याजोगे नत्र व स्फुरद अधिक असते. हे काम किती मोठे असते याचा अंदाज चार्ल्स डार्विन यांनी 1881 मध्ये इंग्लंडच्या जमिनींसाठी दिला होता: एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते.

या देशी गांडुळांसाठी दोन गोष्टी कराव्यात. गव्हाची नरवाई जाळू नये. एप्रिलमध्ये गांडुळे खोल असल्याने आगीने ती फारशी होरपळत नाहीत, पण पावसाळ्यात वर आल्यावर खायला काही उरत नाही. आणि सोयाबीन सपाट पेरण्याऐवजी रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरावे. सतत पावसात शेत चिबडले की गांडुळांची हवा तुटते आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींचीही तुटते. सरीतून पाणी निघून गेले तर वरंब्यात दोघांचा श्वास चालू राहतो.

फरक पडतो आहे का ते मोजावे. ऑगस्टच्या शेवटी, वाफसा असताना, सकाळी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि आठ इंच खोल खड्डा घेऊन माती गोणपाटावर काढावी, ढेकळे हाताने फोडून गांडुळे मोजावीत आणि परत सोडावीत. शेतात अशा पाच जागा घ्याव्यात, बांधालगतची एकही नको. एका खड्ड्यात दहाच्या आसपास गांडुळे चांगली समजतात. कोरडवाहू काळ्या शेतात सुरुवातीला दोन-तीनच मिळाली तरी तो आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास, तितक्याच ओलीत पुन्हा मोजावे. आज पावसात आणि उद्या कोरड्यात घेतलेल्या मोजण्यांची तुलना काहीच सांगत नाही.

उत्पन्नाचा हिशेबही स्वच्छ ठेवावा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात गांडुळे असलेल्या मातीत पिकाचे उत्पन्न सरासरीने सुमारे 25 टक्के जास्त आढळले. पण तो लाभ मुख्यतः पिकाचे अवशेष जमिनीत परत जात होते तिथे मोठा होता, आणि जिथे नत्र भरपूर उपलब्ध होते तिथे तो नाहीसा झाला. म्हणजे गांडुळे नत्र निर्माण करत नाहीत, अवशेषांत अडकलेले नत्र मोकळे करतात. गहू घेताना एकरी दोन टन गांडूळखत घातले, आणि ओल्या खतात नत्र साधारण 1 टक्का धरले, तर 20 किलो नत्र जमिनीत जाते, तेही हळूहळू सुटणारे. बागायती गव्हाची एकरी गरज 48 किलोंच्या आसपास असते. तेव्हा पहिल्याच हंगामात युरिया पूर्ण बंद करू नये. माती परीक्षण पाहून तो चौथ्या हिश्शाने कमी करावा, शेताची एक पट्टी जुन्या मात्रेवर राखून दोन्हींचे धान्य वेगळे तोलावे, आणि पुढची कपात त्या वजनावरून ठरवावी. दोन टन खत म्हणजे वर सांगितलेल्या मापाचे सात वाफे. एकच वाफा असेल तर ते खत साऱ्या शेतावर उधळण्यापेक्षा लसणाच्या किंवा भाजीच्या पाच-सहा गुंठ्यांत द्यावे.